पौड शाखेचा तोटा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आठशे रुपयांचा स्टीलचा डबा बावधनहून निघाला की पौडला पोचेपर्यंत हजार रुपयांचा होतो. वाटेत त्याला कोणी सोन्याचा मुलामा देत नाही. पिरंगुटच्या घाटात तो आपोआप फुगत नाही. हे काम मी करतो, बावधनच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. मुख्य दुकान बावधनला, शाखा पौडला एस.टी. स्टँडपासून दोन मिनिटांवर. मी मुख्य दुकानाचे हिशेब बघतो. शाखेने स्वतः खरेदी करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. माल बावधनहून चलनावर, म्हणजे नग आणि भाव लिहिलेल्या पाठवणीच्या कागदावर जातो. पौडचा गल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत, तोही बावधनच्याच खात्यात. दुकानाचं भाडं, पगार, लाइट बिल आम्ही इथून भरतो. पौडकडे राहते ती किरकोळ खर्चाची एक पेटी, चहा आणि सुतळीपुरती. एवढं केलं की वीस किलोमीटर लांबच्या दुकानातला चमचासुद्धा इथे बसून दिसतो.

फक्त चलनावर खरा भाव लिहायचा नाही. खरेदीवर पाव हिस्सा चढवून लिहायचा. आठशेचे हजार. ही शेठची कल्पना. पूर्वी दुसऱ्या एका शाखेवरच्या माणसाला खरेदीचे भाव कळले होते. तो आधी मेहुण्याला सूट द्यायला लागला, मग मेहुण्याच्या मित्रांना, आणि शेवटी त्याने समोरच स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून शेठनी ठरवलं की शाखेला फक्त चढवलेला भाव कळेल. खरा भाव ठाऊक असलेले तिघे: शेठ, मी आणि ऑफिसातल्या फोटोतला गणपती. गणपतीच्या बाबतीत शेठ निर्धास्त होते. मला मात्र दर दिवाळीला काजूकतलीचा डबा देताना एकदा रोखून बघायचे.

या चढवलेल्या भावाचं वर्षअखेरीला एक गमतीचं काम असतं. पौडला जो माल विकायचा राहिलाय तो कागदावर हजाराचा दिसतो, पण आपल्याला पडलाय आठशेलाच. वरचे दोनशे अजून कोणी दिलेले नाहीत. डाव्या खिशातली नोट उजव्या खिशात घालून कोणी श्रीमंत होत नसतं. म्हणून ते दोनशे बाजूला काढून ठेवायचे. काढताना हजाराचा पाव हिस्सा काढायचा नाही, पाचवा काढायचा. आठशेवर पाव चढवला की हजार, हजारातून पाचवा उतरवला की परत आठशे. नव्याने लागलेली मुलं इथे हमखास अडीचशे काढतात आणि मग दुपारभर पन्नास रुपये शोधत बसतात. मला ते बघायला फार आवडतं.

शेठना या सगळ्यात रस नव्हता. मी वर्षाचा हिशेब पुढे ठेवला की ते दोन्ही दुकानांची एकत्र बेरीज बघायचे, तीही शेवटची ओळ. आणि एकत्र हिशेबात चढवलेला भाव कुठे दिसतच नाही, आम्ही तो काढूनच टाकलेला असतो. त्यामुळे आपणच सुरू केलेली ही गोष्ट शेठच्या नजरेआड गेली होती. मग त्यांनी मोबाइलवर एक ॲप घेतलं.

मार्च महिना होता. मालमोजणीसाठी मी पौडला गेलो होतो. तिथलं दुकान सांभाळतात त्या बाई जवळच्याच माले गावच्या. घरी भाताची थोडी शेती, नवरा ट्रॅक्टर चालवतो, आणि पौडचं दुकान या बाई एकहाती चालवतात. लग्नसराईत आंदणाची भांडी घ्यायला अख्खं गाव येतं. वराकडच्या आणि वधूकडच्या बायकांमध्ये पातेल्याच्या जाडीवरून जे युद्ध होतं, ते मिटवून दोघींनाही वरचा एक तांब्या विकणं हे बाईंचं खास कौशल्य. भांड्यांवर नावं घालायचं मशीनही त्याच चालवतात. नाव घालताना जीभ जराशी बाहेर काढतात.

त्या दिवशी त्या शिडीवर उभ्या राहून वरच्या फळीवरचे डबे मोजत होत्या, मी खाली लिहून घेत होतो. तेवढ्यात शेठची गाडी दारात थांबली. न सांगता शेठ येणं म्हणजे एकतर कुणी गेलं असणार, नाहीतर जाणार असणार.

शेठ आत आले, पाणीही न घेता काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाले, “बाई, खाली या. वाईट वाटून घेऊ नका. एप्रिलपासून ही शाखा बंद करतोय.”

बाई शिडीवरच थांबल्या. “का वो शेट?”

“तोट्यात आहे. हे बघा, ॲप दाखवतंय. बावधन हिरवं, पौड लाल. सहा महिने लालच.”

मी मोबाइलमध्ये डोकावलो आणि एका नजरेत सगळं कळलं. ॲपने पौडच्या मालाचा खरेदीभाव म्हणून चलनावरचा भाव धरला होता. हजाराला पाठवलेला डबा बाईंनी साडेअकराशेला विकला की ॲप म्हणायचं, सुटले दीडशे. त्यातून भाडं, पगार, लाइट वजा केलं की लाल. खरे सुटत होते साडेतीनशे. पौड लाल सोडा, मळ्यातल्या भाजीसारखं हिरवंगार होतं.

आता माझी पंचाईत बघा. हे सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य बाईंच्या देखत बोलायचं म्हणजे इतकी वर्षं जपलेलं गुपित काउंटरवर ओतायचं. न बोलावं तर बाईंची नोकरी जाते.

“शेठ, दोन मिनिटं बाहेर येता का?”

“इथेच बोला. जे असेल ते बाईंच्या समोर बोला. आपल्यात लपवण्यासारखं आहे काय?”

बाई खाली उतरल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, “तोटा कसा व्हईल शेट? मी हितं एक वाटी बी उसनी दिली न्हाई कुणाला. मोजा की. सायेब मोजत्यातच हायेत.”

“मोजणीचा प्रश्न नाही. एकही वस्तू कमी नाही, मला माहीत आहे. पण धंद्यात भावना चालत नाही.”

“भावना न्हाई वो. मी माल्यात सांगून बसलीया की औंदा पोरीला पुण्याला कॉलेजात घालते. आता काय सांगू, मोबाइल लाल झाला म्हणून घरी बसले?”

शेठ तसा माणूस वाईट नाही. त्यांनी उगाचच एक झारा उचलला आणि परत ठेवला.

मी त्यांच्यामागे उभा राहून त्यांनाच व्हॉट्सॲपवर लिहिलं: पौडचे भाव चढवलेले आहेत, आठवा. मोबाइल काउंटरवर टिंगटिंगला. शेठनी न वाचताच बोटाने बाजूला सारला. “लोकांना उद्योग नाहीत,” म्हणाले.

मग मी खाकरलो. “शेठ, पाचवा हिस्सा.”

“कसला पाचवा?”

“तोच तो. दिवाळीचा. काजूकतली.”

“तुम्हाला भूक लागलीय का?”

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, हा माणूस माझ्या नोकरीच्या वेळी मिठाईचं काय काढतोय. मी गणपतीला हात जोडल्याचा अभिनय केला, एक बोट वर, एक खाली, भाव चढतोय असं दाखवलं. कॉलेजात मूकनाट्यात मला बक्षीस मिळालं होतं. परीक्षक बहुधा दयाळू होते. शेठ म्हणाले, “खांदा दुखतोय का तुमचा? ऊन लागलं असेल.”

“शेट, मग ह्यो समदा माल?” बाईंनी विचारलं. त्यांचे हात आपोआप कुकरच्या खोक्यावरची धूळ झटकत होते.

“माल परत बावधनला. टेम्पो पाठवतो. साहेब, याद्या करून टाका.”

आणि तिथे मला वाट सापडली. वर्षानुवर्षं मी शेठना हिशेब समजावून सांगत आलोय आणि वर्षानुवर्षं त्यांनी जांभई दिलीय. पण समजावून न सांगता फक्त भाव विचारला, तर भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या तोंडून झोपेतसुद्धा खरा भाव बाहेर पडतो. मी वही उघडली, चेहरा होता होईल तेवढा बावळट केला आणि पाच लिटरच्या कुकरचं चलन त्यांच्यापुढे धरलं.

“शेठ, हे कुकर परत आले की बावधनच्या मालात कोणत्या भावाने जमा धरू? चलनावर दोन हजार आहेत. दोन हजाराने धरतो.”

त्यांचं उत्तर सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, कारण त्या उत्तरानंतर मी सांगितलेलं कोणी ऐकत नाही असा माझा अनुभव आहे. शाखा बंद झाली नाही. पौडचा खरा हिशेब मी त्याच काउंटरवर, बाईंच्या समोर, भाव उतरवून मांडला, आणि तो बावधनपेक्षा बरा निघाला. ॲपमध्ये पौडसाठी खरा खरेदीभाव भरला. चलनं मात्र अजूनही चढवलेल्या भावानेच जातात, कारण सगळ्या नोंदी त्या भावावर बसल्यात आणि शेठना सवय मोडवत नाही. खरा भाव ठाऊक असलेल्यांत आता एका माणसाची भर पडलीय. तिला पगारवाढ मिळाली, आणि त्या वाढीच्या बोलण्यात तिने शेठचा असा घाम काढला की मी खुर्ची सरकवून आरामात बघत बसलो. मुलगी कॉलेजला जाते. आणि बाईंनी त्या माहितीचा वापर करून आजवर कोणत्याही मेहुण्याला एक रुपया सूट दिलेली नाही. उलट वराकडच्यांना हल्ली त्या जास्तच ताणतात.

तर त्या दुपारी मी चलन पुढे धरून उभा. बाई खोक्यावर हात ठेवून उभ्या. शेठनी चष्मा वर केला, दोन हजाराचा आकडा वाचला, त्यांच्यातला व्यापारी खडबडून जागा झाला, आणि बाहेर स्टँडवर एस.टी.ची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलून गेले:

“अहो, माझाच सोळाशेचा कुकर मलाच दोन हजाराला विकता काय?”