पन्नास हजारांचा खरा तोटा

मी सही केली नाही. नांदेडला कापडाच्या दुकानावरच्या माडीवर आमच्या कर सल्लागारांचं ऑफिस आहे. मे महिना होता, पंखा नुसता गरम वारा ढकलत होता, आणि समोर आमच्या हळद गिरणीचा पहिल्या वर्षाचा ताळेबंद पसरलेला होता. त्यात नफा होता पाच लाख पंचेचाळीस हजार. माझ्या शेजारी मोठे भाऊजी बसलेले. त्यांची सही आधीच झालेली, पेन माझ्यापुढे सरकवलेलं. मी पेनाचं टोपण लावलं आणि ते सल्लागारांच्या बाजूला परत सरकवलं.

गिरणीत आम्ही दोघं भागीदार, निम्मे निम्मे. माझे मालक किनवटकडे आश्रमशाळेत मास्तर. सरकारी पगार घेणाऱ्याला धंद्यात भागीदार होता येत नाही, म्हणून कागदावर मी आणि त्यांचे थोरले भाऊ. गिरणी उमरीच्या रस्त्याला, भाऊजींच्या शेडमध्ये. हळद विकत घेणं, दळणं, पाकिटं भरणं, दुकानं धरणं, हे सगळं माझं. हिशेबही माझाच असायला हवा होता, कारण मी बी.कॉम. आहे आणि लग्नाआधी लातूरला एका डाळ मिलच्या ऑफिसात चार वर्षं वह्या लिहिल्यात. पण घरातल्या सुनेनं घरचा हिशेब लिहायचा नसतो, बाहेरचा माणूस पाहिजे, असं ठरलं. मी गप्प बसले. त्या एका गप्प बसण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

यंत्रं वीस लाखांची. त्यात दोन लाख आम्ही घातले आणि अठरा लाख बँकेचं कर्ज. प्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून पस्तीस टक्के सबसिडी मंजूर झाली, म्हणजे सात लाख. आमच्या गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण ते सात लाख आमच्या हातात आलेच नाहीत. बँकेनं ते वेगळ्या खात्यात ठेवले. त्यावर व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर आम्हालाही व्याज नाही. तीन वर्षं गिरणी नीट चालली तर ते सात लाख कर्जातून वजा होणार. मधेच गिरणी बंद पडली किंवा यंत्र विकलं, तर पैसे परत सरकारकडे.

आमच्या घरात एक रीत आहे. सरकारकडून काही आलं, पीक विमा म्हणा, अतिवृष्टीचं म्हणा, की त्याच आठवड्यात भाऊ बसतात आणि वाटून घेतात. भांडण नाही, उशीर नाही. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. सल्लागारांकडेही अर्ध्या तालुक्याच्या शेतकऱ्यांच्या फायली. कुठलंही अनुदान आलं की त्यांचा हात आपोआप जमेच्या बाजूला जातो. तसाच तो आमच्याही वहीत गेला. ‘इतर उत्पन्न, सबसिडी, सात लाख.’ एक ओळ.

मी म्हटलं, "हे उत्पन्न नाही. यंत्र घ्यायला दिलेले पैसे आहेत. यंत्राच्या किमतीतून वजा करा."

"मॅडम, नफा दिसतोय तर दिसू द्या की," सल्लागार म्हणाले. "तोटा दाखवला तर बँक तुमची कॅश क्रेडिटची मर्यादा कापेल."

"आणि टॅक्स?"

"एक लाख सत्तर हजार बसतोय. नफ्यावर बसणारच."

भाऊजींनी तेवढ्यात त्यांचं गणित सांगितलं. "निम्मे दोन लाख बहात्तर हजार पाचशे माझे. नाल्याच्या खालची दोन एकर धरलीय मी, पन्नास हजार इसार दिलाय. बाकीचे मृगाच्या आत द्यायचेत. सरकारनं पैसे दिले का न्हाई? दिले. मग वाटायला काय हरकत हाय?"

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. गिरणीच्या खात्यात साडेचार लाख होते. तेच हळद घ्यायचे पैसे. बाजारात आवक जोरात होती, माल आत्ता भरून ठेवला तर वर्ष निघतं. टॅक्सचे एक सत्तर आणि भाऊजींचे दोन बहात्तर काढले की खात्यात साडेसात हजार उरत होते. साडेसात हजारांत हळद किती येते ते कुणीही सांगेल. हळद नाही तर गिरणी बंद. गिरणी बंद तर सात लाख परत. म्हणजे जे पैसे मिळालेच नव्हते ते वाटून घेण्यापायी, मिळणारे पैसेही जाणार. आणि हे सगळं माझ्या सहीनं.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते सात लाख शेडमध्ये उभे आहेत. यंत्राच्या पोटात. निम्मं यंत्र तुमचं आहे, उचलून न्या."

त्यांचा चेहरा पडला. परक्या माणसासमोर मी असं बोलायला नको होतं, हे मला कळत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही, आजही घेणार नाही.

सल्लागारांचं कॅल्क्युलेटर मी ओढून घेतलं. लातूरच्या मिलमध्ये डाळ निवडायचं यंत्र आलं होतं, त्याच्या सबसिडीची नोंद मीच माझ्या हातानं केली होती. वीस लाखांतून सात गेले, यंत्राची किंमत तेरा. त्यावर पंधरा टक्के घसारा एक लाख पंचाण्णव हजार. गिरणीनं व्याज, पगार, वीज सगळं जाऊन घसाऱ्याआधी मिळवले एक लाख पंचेचाळीस हजार. उत्तर, पन्नास हजार तोटा.

सल्लागार हुशार आहेत. त्यांनी दुसरी वाट काढली. "यंत्र वीस लाखांनाच ठेवू. सबसिडी वेगळी धरू आणि थोडी थोडी दरवर्षी उत्पन्नात घेऊ. हे पण नियमात बसतं."

"बसतं," मी म्हटलं. "किती घेणार यंदा?"

"घसाऱ्याच्याच प्रमाणात. पंधरा टक्के. एक लाख पाच हजार."

"आणि घसारा वीस लाखांवर तीन लाख. करा बेरीज."

त्यांनी केली. एक पंचेचाळीस अधिक एक पाच, अडीच लाख. त्यातून तीन लाख गेले. पन्नास हजार तोटा. त्यांनी कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा एकदा केलं. तेवढाच. मग ते मागे टेकले आणि स्वतःच म्हणाले, "आयकराला तर किमतीतून वजाच करावी लागते. बरोबर आहे तुमचं." त्या माणसाचा हा गुण मी मानते. चूक दिसल्यावर त्यांनी ती पांघरली नाही.

पण खरं सांगायचं तर मला त्या उत्तराचा आनंद झाला नाही. वर्षभर मी पहाटे उठून गिरणीवर गेले होते. अंगाला, केसांना, भाकरीच्या पिठाला हळदीचा वास. हिमायतनगरपर्यंत दुकानदारांच्या पायऱ्या चढले होते. आणि माझ्याच हातानं मी लिहून घेत होते की एवढं करून पन्नास हजार तोटा झाला. पाच लाखांचा नफा कुणाला नको असतो? त्या कागदावर सही केली असती तर माहेरीही सांगता आलं असतं. मला तो खोटा नफा दोन मिनिटं मनापासून हवासा वाटला होता. म्हणूनच मी जास्त चिडले होते.

भाऊजी परतीच्या वाटेवर एवढंच बोलले, "गावात मी सांगून बसलोय, गिरणी फायद्यात हाय म्हणून. आता काय सांगू?"

"तोटा झाला म्हणून सांगा. कमी पडलं तर माझ्याकडे पाठवा."

शनिवारी मालक किनवटहून आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "दादाला समजावून सांगायचं होतंस जरा." मी म्हटलं, मास्तर तुम्ही आहात, तुम्ही समजावा. ते रात्री भावाकडे जाऊन आले. काय समजावलं कोण जाणे, पण सोमवारी भाऊजी नांदेडला आले आणि नव्या ताळेबंदावर त्यांनी सही केली. माझ्याकडे न बघता. त्यांच्या भांडवलातून पंचवीस हजार कमी झाले, माझ्या भांडवलातून पंचवीस. जमिनीचा इसार बुडाला. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. शेडची किल्ली मात्र रोज सकाळी खिळ्याला अडकवलेली असायची.

बँकेत मी एकटीच गेले. साहेबांनी तोटा पाहिला, मग घसारा पाहिला. "रोखीत एक लाख पंचेचाळीस सुटलेत. हप्ते वेळेवर आहेत," ते म्हणाले. "सबसिडी तर माझ्याच बँकेत पडून आहे. तुम्ही ती नफ्यात दाखवली असती तरी मी ती खोडूनच बघितलं असतं." मर्यादा त्यांनी कापली नाही. वाढवलीही नाही. मी त्याच दिवशी हळद भरायला सुरुवात केली.

तीन वर्षं झाली आणि बँकेनं सात लाख कर्जातून वळते केले. सल्लागारांचा फोन आला. "मॅडम, आता तरी उत्पन्नात घ्यायचे का?" चेष्टा करत होते, तरी मी म्हटलं, "कर्जाच्या खात्यात नोंद करा आणि फोन ठेवा."

त्या वर्षी गिरणीला एक लाख ऐंशी हजार नफा झाला. भाऊजींच्या वाट्याचा नव्वद हजारांचा चेक मी शेडमध्येच त्यांच्या हातात दिला. आमचं बोलणं तोवर पूर्ववत झालं होतं, पण पैशाचा विषय दोघंही टाळत होतो. त्यांनी चेक उलटसुलट बघितला.

"बाई, यात सरकारचं किती हाय?"

काहीच नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. "आहे थोडं. यंत्र वर्षाला जेवढं झिजतं, त्या मापानं सरकारचा वाटा आपल्याला मिळतो. घसारा कमी बसतो तो त्याच्यामुळं. यंदा दोघांत मिळून पाऊण लाखाच्या आसपास."

"आन् मशीन बंद ठिवलं असतं तर?"

"तर सगळंच परत गेलं असतं."

त्यांनी यंत्राच्या तोंडावरची हळद बोटानं पुसली. पलीकडे बायका पाकिटांना शिक्के मारत होत्या.

"म्हंजी ते बी दळूनच आलं," ते म्हणाले, आणि चेकची घडी करून खिशात घातली.

मी कॅल्क्युलेटरवर दोन पद्धतींनी मांडून दाखवलं होतं, आणि त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं. त्या मे महिन्यात मला हे सुचलं असतं तर चार महिन्यांचा अबोला टळला असता, कदाचित जमीनवाल्याशी वेळीच बोलणी होऊन त्यांचे इसाराचे पन्नास हजारही सुटले असते. मला वाईट वाटलं. पण त्या पहिल्या कागदावर मी तेव्हाही सही केली नसती. "इथं पोच द्या," मी म्हटलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.