तिला खो कुणी देईना

मस्करीशिवाय पोरी खेळत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं मी मैदानावर शिट्टी घेऊन उभी असलेली कुणी खडूस बाई आहे. घाटकोपरच्या आमच्या मैदानावर मी चौदा वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवते. नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात, संध्याकाळ मैदानावर. उन्हात तापलेल्या मातीवर त्याच त्या उठाबशा काढताना कुणी हसवलं नाही तर पोरी दुसऱ्या आठवड्यात गळतात. म्हणून मी चिडवते. भरपूर चिडवते.

पण कुणाला, कशावरून, हे मी बघून चिडवते. आमची सगळ्यात वेगवान पोरगी खांबाला वळसा घालून आली की मी ओरडते, "मॅडम, आज चप्पल घालून पळताय काय?" ती भडकते, पुढच्या फेरीत सूर मारून गडी टिपते आणि माझ्याकडे बघून जीभ दाखवते. तिला परवडतं. ती दिवसभर टाळ्या मिळवते, एक टोमणा तिच्या अंगाला लागत नाही. मुलींनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची नक्कल केली तर मी अजून लंगडून दाखवते. कारण चिडवायची दोन्हीकडून सोय पाहिजे. जिला उलटून बोलता येत नाही तिला बोलायचं नाही. अंगावरून, रंगावरून, घरावरून बोलायचं नाही. आणि जी चूक पोरीला सुधारताच येत नाहीये, तिच्यावरून तर नाहीच नाही.

कच्च्या खेळाडूला अजिबात चिडवायचं नाही असंही नसतं. सगळ्यांना चिडवलं आणि एकटीला सोडलं, की तिला बरोबर कळतं आपल्याला का सोडलं ते. आमच्यात एक जाडशी, सावकाश पळणारी मुलगी होती. तिचा आवाज मात्र दणदणीत. पाठीला हात लावून ती "खो!" म्हणाली की पलीकडच्या बिल्डिंगमधली कबुतरं उडायची. मी म्हणायचे, "हळू गं, सोसायटीवाले कम्प्लेंट करतील." ती खूश व्हायची. तिची आणखी एक गोष्ट चांगली होती. खो मिळाल्याशिवाय ती कधी उठायची नाही. वेगवान पोरी उतावळेपणाने आधीच उठतात आणि फाउल होतो. हिचा होत नसे. बाकी खेळ बेताचाच. होता तो बेताचाच होता, त्यात लपवायचं काय?

गेल्या वर्षी आमच्या क्रीडा मंडळाने माझ्या जोडीला एक मुलगा दिला. पंचविशीचा, चांगला खेळलेला, बोलायला झकास. मुली त्याला दादा म्हणायच्या. पहिल्या आठवड्यातच पोरी त्याच्यावर फिदा. कुणाचीही नक्कल करायचा, पंचांची, माझी, वॉचमनची. मीही पोट धरून हसले. ऑफिसातून यायला मला उशीर व्हायचा तेव्हा तोच सुरुवात करून घ्यायचा. मला वाटलं, चला, बरं झालं.

मग एक दिवस मी गेटमधून आत येतेय तर मैदानातून आवाज. "पीं पीं! पीं पीं!" खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत तिला मागे फिरता येत नाही. आमची ही दणदणीत आवाजाची मुलगी पळताना वळणावर थोडी रुंद जायची. त्यावरून त्याने तिचं नाव ठेवलं होतं 'टेम्पो'. ती उठली की तो बाहेरून ओरडायचा, "साइड द्या, साइड द्या, टेम्पो वळतोय!" आणि चौकोनात बसलेल्या पोरी हॉर्न वाजवायच्या.

ती हसत होती. सगळ्यांच्या आधी हसत होती. तिथेच माझं डोकं सटकलं. ज्याला खरंच मजा वाटते तो गंमत झाल्यावर हसतो. ही गंमत व्हायच्या आधीच हसायला लागली होती.

सराव संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"ते टेम्पो बंद कर."

"काय ताई, मस्करी आहे. तुम्ही पण करता ना?"

"मी तिच्या आवाजावरून करते. तो तिला आवडतो. तू तिच्या अंगावरून करतोस."

"पण हसते ना ती! तिला विचारा, तीच म्हणेल चालतं."

"तुला काय म्हणणार ती? नाही चालत, दादा? सगळ्यांसमोर?"

तो खांदे उडवून म्हणाला, "ठीक आहे, नाही म्हणत." माझ्यासमोर नाही म्हटलं त्याने पुन्हा. पण एकदा वाट पाडून ठेवली की वाट चालायला शिकवणाऱ्याची गरज लागत नाही. पोरींनी ते उचललं. पोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टेम्पोचे स्टिकर फिरायला लागले. पाणी प्यायला ती नळाशी गेली तरी मागून कुणीतरी पीं करायचं. मी एकेकीला झापलं. झापलं की गप्प, वळलं की सुरू. दादाची गंमत होती ना ती. दादाची गंमत चुकीची कशी असेल?

आणि मग खेळात एक गोष्ट दिसायला लागली. आठ जणी ओळीत बसतात, एक पळते. पळणारीने बसलेल्यांपैकी कुणालाही पाठीवर हात लावून खो द्यायचा, मग ती उठते आणि पाठलाग पुढे चालू. आमच्या पोरी तिला खोच देईनाशा झाल्या. तिच्या मागून जायच्या आणि पुढच्या चौकोनातल्या मुलीला उठवायच्या. चुकून मिळालाच तर तीही दोन पावलांत शेजारणीला खो देऊन मोकळी व्हायची. उभं राहणं म्हणजे हॉर्न, म्हणून जितक्या लवकर बसता येईल तितकं बरं.

कुर्ल्याला सामना होता. समोरच्या संघातली एक बारकी पोरगी आमच्या ओळीतून साखळी धरून, म्हणजे एकेकीला वळसा घालत नागमोडी, पळत होती. थोड्या वेळाने मला दिसलं की तिने साखळी सोडली. ती फक्त एका जागेभोवती फिरत होती. आमच्या त्या मुलीच्या चौकोनाभोवती. तिला बरोबर कळलं होतं की इथून कुणी उठत नाही. धापा टाकत ती बारकी पोरगी आमच्या मुलीसमोर उभी राहून दम खायची, म्हणजे अगदी हाताच्या अंतरावर, आणि आमच्या पोरी आजूबाजूच्यांना उठवत लांबून धावत यायच्या. मी बाहेरून घसा फोडला. "तिला द्या! अरे तिला खो द्या!" तिला कुणी दिला नाही. ती पाठ ताठ करून, उठायच्या तयारीत, बसून राहिली. पाळी संपेपर्यंत.

आम्ही हरलो. हरण्याचं मला एवढं नाही. सामान गोळा करताना दादा पोरींचा मूड ठीक करायला म्हणाला, "जाऊ दे रे, आज आपला टेम्पो पार्किंगमध्येच राहिला!"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. बुटांची लेस बांधत होती, तीच लेस पुन्हा सोडून पुन्हा बांधत होती.

मी पोरींसमोर भांडत नाही. त्या दिवशी भांडले. "तुझ्यामुळे हरलो," मी म्हणाले. "तिच्यामुळे नाही. आठ जणी बसवल्यास आणि त्यातली एक तू स्वतःच्या तोंडाने मारून टाकलीस. समोरच्या पोरीला ते कळलं, तुला अजून कळत नाही?" त्याचा चेहरा पडला. पोरी खाली बघायला लागल्या. आमची वेगवान पोरगी म्हणाली, "ताई, ती स्लो आहे म्हणून नाही दिला."

"स्लो आहे ना? मग हाताच्या अंतरावरचा गडी टिपायला किती स्पीड लागतो?"

पोरी बॅगा उचलायला लागल्या. मलाही त्यातून काही समाधान मिळालं नाही.

ती दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी डोंगरावरच्या त्यांच्या खोलीत गेले. आई एका दवाखान्यात आया आहे, नुकतीच ड्युटीवरून आली होती. म्हणाली, "मला तर सांगते पाय दुखतो. तुम्हीच विचारा बाई." मुलगी आतून आली, माझ्यासमोर बसली.

मी म्हणाले, "त्यांनी चिडवलं, ते चूक होतं."

"चिडवलं तर चालतं ओ ताई," ती म्हणाली. "शाळेत पण चिडवतात. पण खो नाही देत. मग मी तिथे बसून काय करू?"

तिच्या आईने चहा ठेवला होता. तो मी घेतला आणि उठले. चढाच्या पायऱ्या उतरून घरी येताना मी एवढी संतापले होते की एका रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

पुढच्या सरावाला मी दोन गोष्टी केल्या. नवीन नियम लावला: ओळीतली प्रत्येक मुलगी एकदा उठल्याशिवाय कुणीही दुसऱ्यांदा उठायचं नाही. जिने कुणाला वगळलं तिची पाळी तिथेच संपली. आणि पोरींना गोल बसवून सरळ सांगितलं. टोपणनाव जिचं आहे ती नको म्हणाली की संपलं, कारण विचारायचं नाही. आपल्यापेक्षा कच्च्या मुलीवर जोक मारायचा नाही, हात शिवशिवत असतील तर माझ्यावर मारा. वेगवान पोरगी फुरंगटून बसली होती. पण दोन दिवसांनी तीच डोंगर चढून त्या मुलीच्या घरी गेली. काय बोलल्या ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी दोघी मैदानाच्या गेटपर्यंत एकत्र आल्या, एकमेकींशी न बोलता.

तिला परत खेळायला उतरायला वेळ लागला, आणि आल्यावर काही चमत्कार झाला नाही. पुढच्या सामन्यात तिला पुष्कळ खो मिळाले. एकही गडी तिच्या हाताला लागला नाही. एकदा सूर मारला तो नुसता मातीत. ती कोपर झटकत उठली, हॉर्न वाजला नाही. शेजारची म्हणाली, "जवळ होती गं." बास, एवढंच. माझ्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं, पण ते इतक्या भांडणानंतर मिळावं, याचा मला राग आहे.

तो मुलगा मंडळाकडे माझी तक्रार घेऊन गेला. मी त्याचा पोरींसमोर अपमान केला म्हणून. कमिटीतले एक काका मला म्हणाले, "बाई, आमच्या वेळी तर सर कानाखाली द्यायचे. टोमण्याने पोरं घट्ट होतात." मी विचारलं, "काका, कोण घट्ट झालं? तुमच्या संघातले जे सोडून गेले ते कुठे आहेत, माहीत आहे?" काकांनी विषय बदलला. घट्ट झालेल्यांचीच आठवण राहते, निघून गेलेल्यांची कोण ठेवतो?

त्याला कुणी काढलं नाही. तो स्वतःच बोरिवलीच्या एका क्लबात गेला, जास्त पैसे मिळाले म्हणून. मध्यंतरी तिथल्या मुलांबरोबर आमचा सरावसामना ठरला होता. तो तसाच उत्साही, पोरं तशीच त्याच्या गळ्यात. मैदानाच्या कडेला एक चष्मेवाला मुलगा उभा होता. तो मैदानात उतरला तशी सगळी पोरं एका सुरात काहीतरी ओरडली आणि तो मुलगा सगळ्यांच्या आधी हसला.

मी त्यांच्या दादापाशी गेले. "अजून तेच?"

"ताई, तुम्ही फार सिरियस घेता यार," तो म्हणाला, अगदी प्रेमाने. "मुलं एन्जॉय करतायत."

आमच्या पोरी वॉर्मअप करत होत्या, मी त्यांच्याकडे वळले. सामना सुरू व्हायला अजून वेळ होता.