करदोट्याखाली बोटभर जागा

खुर्शीद सिस्टरांच्या खिशात कापडी टेप असे. नगरच्या त्या दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत, त्यांचं निम्मं आयुष्य बोटभर पोटं मोजण्यात गेलं.

देवळाली प्रवऱ्याच्या बनुबाईचं बाळ आठवा महिना लागताच आलं. बल्बच्या उबेच्या पेटीत ते पिकल्या पानासारखं पडून असे. आईचं दूध पिळून नळीनं पोटात सोडायचं. पण त्याआधी सिस्टर सिरिंजनं आतलं ओढून बघत.

"पाजता अन् परत वढून काढता! देता का घेता?" सासू गोजरबाई म्हणायची.

"आधीचं जिरलं का बघते, आजी. जिरलं तरच उद्या थेंबभर वाढवायचं."

मग पोट फुगलं का बघायला बेंबीवरून टेप, शी कशी झाली ते, सगळं तक्त्यावर. गोजरबाईनं बाळाला काळा करदोटा बांधला, तो सिस्टरांनी तोडला नाही. "खाली बोटभर जागा ठेवा," एवढंच म्हणाल्या.

एके दिवशी सकाळी दूध वाढवलं आणि दुपारी सिरिंजमध्ये हिरवट पाणी आलं. पोट ताठ, चकाकणारं. करदोटा कातडीत रुतला होता. सिस्टरांनी तो कात्रीनं कापला, दूध थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं. आतडं सुजत असावं, म्हणाले ते. दूध बंद, सलाईन, इंजेक्शनं. पोटातलं बाहेर यावं म्हणून नळी उघडी.

"दोरा तोडला, आता दूधबी तोडलं. उपाशी मारता का? नेते मी घरी."

सिस्टरांना धडकी भरली. मागे असंच एक बाळ त्याच्या आजीनं उचलून नेलं होतं, भुकेलं म्हणून कापसाच्या बोळ्यानं पाजलं होतं. ते परत आलं नाही.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. म्हातारीचे हात साबणानं धुवायला लावले, तिचं बोट बाळाच्या पोटावर ठेवलं. "दाबू नका. नुसतं ठेवा."

गोजरबाईनं बोट तसंच ठेवलं. मग पुटपुटली, "वासरू असं फुगलं तर आमी वैरण न्हाई दाखवत."

"तसंच हाय, आजी."

"मग ऱ्हाऊ दे इथंच." आणि वळून सुनेवर ओरडली, "बने, रडू नगं! पीळ दूध. लेकरू मागंल तवा आटलेलं नगं."

शीमध्ये रक्त दिसलं नाही. हळूहळू पोट मऊ पडलं, नळीतलं पाणी नितळ झालं, मग येईनासं झालं. तरी डॉक्टर थांबले. पुढं दूध सुरू झालं ते दोन सीसीपासून, आणि प्रत्येक वाढीआधी टेप.

घरी जायच्या दिवशी गोजरबाईनं नवा करदोटा सिस्टरांच्याच हातात दिला. "तुमी बांधा."

"मी? मी खुर्शीद, आजी."

"ठावं हाय मला. बोटभर जागा ठेवा."

सिस्टरांनी गाठ मारली. खाली बोट घालून बघितलं. पोट गरम, मऊ, श्वासागणिक हलणारं. त्या दिवशी म्हातारीनं लेकरू उचलून नेलं नाही, याचे उपकार कसे फेडावेत ते त्यांना सुचेना. त्यांनी बोट आणखी थोडा वेळ तिथंच ठेवलं.