चार विसावे आणि साहेबांचं गप्प बसणं

आमच्या लॉन्ड्रीत तिला खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. ती रेडिओताई. सकाळी सातला कामावर यायची ती बोलतच, आणि संध्याकाळी चप्पल घालतानाही तिचं वाक्य अर्धंच राहिलेलं असायचं. वय सेहेचाळीस, त्यातली अकरा वर्षं रोलरवर गेलेली. बायकांनी तिला एकमतानं प्रतिनिधी निवडलं, कारण बोलायला कुणी हवं तर हिच्याहून बरी कोण मिळणार? माझं अक्षर बरं म्हणून मला तिच्यासोबत टिपणं घ्यायला बसवलं. म्हणून हे सगळं मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं.

आमच्याकडे दोन इस्पितळांच्या आणि चार हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुवून पिळून निघालेल्या ओल्या चादरी मोठ्या तापलेल्या रोलरमधून इस्त्री होऊन बाहेर पडतात. पुढे दोघी कोपरे धरून चादर आत सारतात, मागे दोघी ती पकडून घडी घालतात. पुढच्या दोघींच्या तोंडावर सतत वाफ. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे तव्यावर वाकून बोलण्यासारखं. दुपारच्या जेवणाची अर्धा तास सुट्टी सोडली तर मध्ये थांबायचं नाही. आमची मागणी एवढीच होती की दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटांचा विसावा मिळावा.

पहिल्या बैठकीत मॅनेजरसाहेब समोर बसले. सडपातळ माणूस, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. रेडिओताईनं मागणी फार छान मांडली. वाफ, चक्कर, पायांची सूज, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तर साहेब, चार विसावे हवेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि कागदाकडे बघत राहिले.

तीन-चार सेकंद गेले असतील. रेडिओताई म्हणाली, "म्हणजे अगदी चारच असं नाही, तीन असले तरी चालतील."

साहेब तसेच.

"उन्हाळ्यापुरतं म्हटलं तरी चालेल. आम्हाला तुमची अडचण समजते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"दोन तरी द्या. नाहीतर असं करा, जेवणाची सुट्टी पाच मिनिटं वाढवा."

तेव्हा साहेब पहिल्यांदा बोलले. "पाच मिनिटांचं बघता येईल."

मी टिपणात लिहिलं ते आजही वहीत आहे. आमच्या बाजूनं चार प्रस्ताव, त्यांच्या बाजूनं एक वाक्य. बाहेर आल्यावर बायकांनी तिला फाडून खाल्लं. "तो काही बोललाच नव्हता, तू कुणाशी घासाघीस करत होतीस?" असं मागे घडी घालणारी एकजण म्हणाली.  

तिची थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहायची आणि जुनी शिवणयंत्रं विकायची. त्या संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या दुकानात बसलो. जाऊबाई एका यंत्राला तेल घालत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक किंमत ऐकून गप्प बसतं, तेव्हा ते मनात हिशेब करत असतं. त्याचा हिशेब पुरा व्हायच्या आतच तू किंमत उतरवतेस. मग त्यानं बोलायचं कशाला?"

"पण जाऊबाई, ते गप्प बसले की मला राहवत नाही. वाटतं, रागावले."

"वाटू दे. गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. तू मागणी सांग, कारण एकच सांग, शेवटी विचार की तुमचं काय म्हणणं आहे, आणि मग तोंडात गुळणी धर. पाणी पी. काहीतरी लिही. पण नवीन काही देऊ नकोस."

"आणि फारच वेळ गप्प राहिले तर?"

"तर विचार, कशाचा विचार चाललाय. प्रश्न विचारायला काही मोजावं लागत नाही."

रेडिओताईनं महिनाभर सराव केला. घरी, माझ्यासमोर, एकदा तर भाजीवाल्यासमोर. भाजीवाल्याला वाटलं बाईंना बरं नाहीये.

दुसऱ्या बैठकीत तिनं आधी सांगून टाकलं की मागच्या वेळी बोलण्याच्या भरात निघालेलं सगळं मागे घेतलंय, बायकांना ते मान्य नाही. मग म्हणाली, "चार विसावे, दहा मिनिटांचे. मार्चपासून तीनजणींना रोलरवर चक्कर आलीय, एवढंच कारण. तुमचं काय म्हणणं आहे?"

आणि थांबली.

त्या खोलीत भिंतीपलीकडच्या ड्रायरचा घरघराट ऐकू यायचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी टेबलाखाली पाहिलं, तर रेडिओताई अंगठ्याचं नख बोटात रुतवत होती. एकदा तिचे ओठ हलले, तेव्हा तिनं पाण्याचा ग्लास उचलला. मी वहीत उगाचच तारीख दोनदा लिहिली.

मिनिटभरानं साहेब म्हणाले, "चार जमणार नाहीत. तीन दिले तर?"

ती लगेच हो म्हणणार असं वाटलं होतं. पण ती थांबली. साहेब खुर्चीत हलले आणि म्हणाले, "तीन, आणि ते पगारी वेळेतच."

"हे मी बायकांना विचारते," ती म्हणाली.

बायका तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं लेखी कळवलं, तीन मान्य. साहेब म्हणाले, वरून मंजुरी आणतो.

आणि मग साहेब गायब झाल्यासारखे झाले. म्हणजे रोज कामावर यायचे, पण ह्या विषयावर एक अक्षर नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. समोर दिसले की फोन कानाला लावायचे. तिसऱ्या आठवड्यात बायका तिच्यावर घसरल्या. "आधी बोलून घालवलंस, आता गप्प बसून घालवतेयस." रेडिओताईनं आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरायला शिकून घेतलं आणि त्याबद्दलच शिव्या खाल्ल्या. डबा खाताना ती कुणाशी बोलेनाशी झाली.

चौथ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "जाते आणि सांगते, दोन द्या पण आत्ता द्या."

संध्याकाळी जाऊबाईंनी तिला चांगलंच झापलं. "समोर बसून गप्प राहणं वेगळं आणि पाठ फिरवून गप्प राहणं वेगळं. तिथे थांबायचं असतं, इथे हालचाल करायची असते. पण उतरायचं नसतं. आज दोनवर आलीस तर त्यांना कळेल, अजून गप्प बसलं की एकवर येते. आधी शोध, अडलंय कुठे. कदाचित निर्णय त्या माणसाच्या हातातच नसेल."

मग तिनं चिठ्ठी लिहिली. माझ्या अक्षरात, पण वाक्यं तिची. 'तीन विसाव्यांचं तुम्ही आणि आम्ही ठरवलं होतं. ते कुणाकडे अडलंय आणि कशासाठी, हे कळवावं. त्यावर काही तोडगा निघत असेल तर आम्हाला तो काढायचा आहे.'

दोन दिवसांनी साहेबांनी उत्तर दिलं, तेही जिन्यात उभं राहून. मुख्य ऑफिसला भीती होती की विसाव्यासाठी रोलर बंद केला तर तो पुन्हा तापेपर्यंत वेळ जाईल आणि इस्पितळाच्या चादरी उशिरा पोचतील.

"पण रोलर बंद करायचाच नाहीये," रेडिओताई म्हणाली. "घडीवरच्या दोघी पाळीपाळीनं पुढे येतील, आणि फाटक्या चादरी शिवणाऱ्यांपैकी एक घडीला उभी राहील. एकावेळी एकच जण बाहेर."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. ह्या वेळी ती थांबली नाही. तिनं विचारलं, "हे मी कागदावर मांडून दिलं तर वर पाठवाल? कधीपर्यंत उत्तर मिळेल?"

"दहा दिवसांत."

आम्ही पाळ्यांचा तक्ता करून दिला. खाली तिनं एक ओळ घातली की वीस तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊ. ती ओळ लिहिण्याआधी ती अधिकाऱ्यांचं ऑफिस कुठे आहे, अर्जाला काय लागतं, हे सगळं जाऊन विचारून आली होती. नुसतं घाबरवायला लिहायचं नाही, असं जाऊबाईंनी बजावलं होतं.

सोळा तारखेला रोलरसमोर उभी असलेली आमच्यातली सगळ्यात लहानखुरी बाई कोसळली. चादर तशीच आत गेली आणि चुरगळून निघाली. तिला पाणी दिलं, बाहेर नेलं. ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिच्या नवऱ्यानं येऊन तिचा डबा आणि चपला नेल्या. रेडिओताई त्या दिवशी साहेबांच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "आत गेले असते तर काहीही बोलले असते," एवढंच म्हणाली.

वीस तारीख गेली. एकवीसला सकाळी ती अर्धा दिवस रजा टाकून अर्ज देऊन आली आणि त्याची पोच साहेबांच्या टेबलावर ठेवली. तेवीसला बोलावणं आलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. तीन विसावे, पाळीपाळीनं, सोमवारपासून. तिनं दोनदा वाचला. मग विचारलं, "आमचा तक्ता तुम्ही वर कधी पाठवलात?"

साहेब गप्प राहिले. ती वाट बघत बसली.

"काल," ते शेवटी म्हणाले. "त्याआधी धाडस झालं नाही. मागच्या वर्षी एका गोष्टीसाठी विचारलं होतं तेव्हा मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. मी रोज म्हणायचो, उद्या पाठवतो."

"आणि पहिल्या बैठकीत? तो तुमचा डाव नव्हता?"

"कसला डाव? मला काय बोलावं सुचतच नव्हतं. आणि तुम्हीच कमी करत गेलात."

रेडिओताईचा चेहरा असा झाला की मला वही मिटावीशी वाटली. अडीच महिने आम्ही त्या माणसाच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत होतो, त्याला दमानं घेत होतो, आणि तो नुसता घाबरून बसला होता. तिनं सही केली. "हे एवढं एक वाक्य आधी बोलला असतात, तर ती पोर घरी गेली नसती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. साहेबांनी मान खाली घातली.

सोमवारी विसावे सुरू झाले. बायकांनी तिच्यासाठी पेढे आणले, तिनं घेतले, पण खाल्ले नाहीत. पहिल्या विसाव्याला आम्ही एकेक करून बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की बसायला जागाच नाही. पायरीवर ऊन, भिंतीला कचऱ्याचे डबे. आमच्यातली एकजण आपल्या पाळीला उलट्या बादलीवर बसली, बाकीच्या उभ्याच राहिल्या.

दुपारी रेडिओताईनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. एक स्टूल आणि एक ताडपत्री. खाली उत्तराची तारीख. तो देऊन आज नऊ दिवस झालेत. साहेब अजून काही बोललेले नाहीत, आणि ती उद्या सकाळी त्यांना विचारणार आहे की ह्या वेळी कशाची भीती वाटतेय.