आठ लाटांचा खेळ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात चूक कबूल करायला लोक तीन-तीन वर्षं घेतात, मला तीन आठवडे लागले.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. बोलणं, चालणं हळूहळू परत आलं, हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा बसून राहिला. बाबा धरमतरच्या एका जेटीवर बार्ज प्लॅनर होते. बाहेर समुद्रात मोठं जहाज उभं, त्यातला माल छोट्या बार्जेसमधून खाडीने आत यायचा. कुठल्या भरतीला कुठलं बार्ज आत घ्यायचं, कुठे लावायचं, रिकामं करून कधी बाहेर काढायचं, हे बाबा ठरवायचे. गणित चुकलं तर बार्ज गाळात बसलं आणि पुढच्या भरतीपर्यंत जेटी अडली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी चहाबरोबर ते भरतीची वेळ सांगायचे, आणि आई म्हणायची, "आता कुणाला आत घेताव?"

मी रोह्याला राहते. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते आणि बुधवारी-रविवारी पेणला येते. गाडी चुकली की एसटी, आणि एसटी म्हणजे नागोठण्यापर्यंत खोदलेला हायवे. एका जागी बसणं हा माझा स्वभावच नाही. डॉक्टरकडे रांगेत असले तरी मी दाराशी उभी. गाडीत मात्र खिडकीशी बसून फोनवर एक खेळ खेळायचे, तोही कधी न संपणारा, कारण संपलं की नवीन काय उघडायचं हा विचारसुद्धा मला नको असतो.

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. रबरी चेंडू दाबायचा, पेला उचलायचा, चिमटीत वाटाणे धरायचे. बाबा दोन दिवस करायचे, तिसऱ्या दिवशी म्हणायचे, "हे काय काम हाय?" ती म्हणाली, "डाव्या बोटांनी टॅबवर काहीतरी खेळायला द्या, मन रमलं तर हात चालेल." मी लगेच माझाच खेळ त्यांच्या टॅबवर घालून दिला. विचार करायला पाच मिनिटं घेतली असती तर पुढचं झालंच नसतं.

टॉवर डिफेन्स म्हणतात त्याला. पडद्यावर एक वळणावळणाची वाट असते. एका टोकाकडून शत्रू रांगेने येतात, लाटेमागून लाट. ते दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वाटेच्या कडेला टॉवर उभे करून त्यांना पाडायचं. पाडले की नाणी मिळतात, नाण्यांनी नवा टॉवर घ्यायचा किंवा जुना मजबूत करायचा. काही निसटले तर जीव कमी होतात, जीव संपले की खेळ संपला.

बाबांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. पंधरा मिनिटांनी मी चहा घेऊन आले तर ते चष्मा नाकावर ओढून बसले होते.

"तू टॉवर वाटेच्या तोंडाशी लावतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आले की लगेच मारायचे."

"तोंडाशी लावून काय व्हतंय? तिथून एकदाच जातात. हे बघ, वाट इथं वळून परत येते. मधी लावला तर जाताना पण मारतो, येताना पण." त्यांनी डाव्या तर्जनीने टॉवर ओढून त्या वळणाच्या पोटात सोडला. बोट एकदा घसरलं, पण टॉवर नेमका बसला. "आणि वेग कमी करणारा त्याच्या आधी. आधी वेग मोडल्याशिवाय बार्ज जेटीला लागत नाय."

मी चार वर्षं खेळत होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मला राग आला आणि हसूही आलं. आईला हाक मारून म्हटलं, "बघ, तुझा नवरा पुन्हा कामाला लागला." आईने बोट टॉवर ओढताना पाहिलं आणि तशीच आत गेली. डोळे पुसायला गेली, हे तिने अजून कबूल केलेलं नाही.

पुढच्या बुधवारी आले तर बाबा जेवायला उठत नव्हते. त्या रविवारी जेवण टॅबशेजारी गार झालेलं. आई करवादली, "तुझ्या या खेळानं माणूस खुळा केलास गो! दुपारची झोप नाय, चेंडू नाय, काय नाय."

"हात चालतोय ना?" मी म्हटलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

त्याच्या पुढच्या रविवारी टॅब टेबलावर पालथा होता. बाबा खिडकीकडे तोंड करून. चेंडू कुठेच दिसेना. फिजिओथेरपिस्ट दोनदा येऊन परत गेली होती. बाबांनी तिला दारातूनच सांगितलं होतं, नको.

"काय झालं बाबा?"

"काय नाय."

"खेळत नाही?"

त्यांनी टॅब आणखी लांब सारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोकं गेलंय माझं. हाताचं काय घेऊन बसलाव तुमी. हात गेला तर गेला. डोकं नाय ऱ्हायलं."

मी उठून उगाच पडदे सरकवले, भांडी आवरली, औषधांचा डबा लावला. आई म्हणाली, "बस की जरा एका ठिकाणी." औषधांच्या डब्याखाली एक वही होती, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजू शिवून केलेली. उघडली तर उजव्या हाताच्या सरळ अक्षरात तक्ते. लाट क्रमांक, काय आलं, किती, कुठून निसटलं, कुठला टॉवर कधी वाढवला. जेटीवर ते असाच तक्ता करायचे. प्रत्येक पानावर नवी मांडणी. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक आकडा. एकेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. त्याच्यासमोर एकच शब्द, चुकलो.

अशी सतरा पानं होती. मी खाली जमिनीवरच बसले.

त्या खेळाला शेवट नव्हता. दर लाटेला शत्रूंची ताकद वाढत जाते. टॉवर बांधायच्या जागा तेवढ्याच, टॉवर वाढवायलाही मर्यादा. कितीही शहाणा माणूस असो, केव्हातरी हरणारच. कितव्या लाटेला एवढाच प्रश्न. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की सांगायचं असतं हेच लक्षात आलं नाही. आणि बाबा आयुष्यभर अशा कामात होते, जिथे भरती चढते आणि उतरतेच. शेवटचं बार्ज बाहेर पडलं की पाळी संपली. पन्नासाव्या लाटेला कदाचित संपेल, असं धरून तो माणूस रोज नवा तक्ता मांडत होता आणि हरणं आपल्या डोक्याच्या नावावर लिहीत होता.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. गाडी असल्याचं सांगून पळाले.

सोमवारी ऑफिसात माल रवाना करणाऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला विचारलं. तो जेवणाच्या सुट्टीत असेच खेळ खेळतो, अर्ध्या तासाच्या पुढे एक मिनिट नाही. तो म्हणाला, "एंडलेस वाल्याला हात लावायचा नाही. वर कोपऱ्यात लाट एक भागिले आठ असं दिसलं पाहिजे. म्हणजे आधीच कळतं किती आहेत. पुढच्या लाटेत काय येणार ते दाखवणारा बघ. थांबवून टॉवर लावता आला पाहिजे. आणि मधे जाहिराती किंवा 'चार तासांनी या' असलं काही नको, एकदाच पैसे भरून घे." त्याने सांगितलेला खेळ घेतला. बावीस लहान लेव्हल, प्रत्येक पाच-सात मिनिटांची. मी स्वतः एक खेळून पाहिली. संपल्यावर पडदा शांत झाला आणि पुढे काय करावं ते मला कळेना.

बुधवारी बाबांसमोर बसले. "बाबा, तो खेळ जिंकता येतच नव्हता."

"म्हंजे?"

"त्याला शेवट नाही. सगळेच हरतात. मी रोज हरते, चोविसाव्या नाहीतर पंचविसाव्या लाटेला. तुम्ही चव्वेचाळीसपर्यंत गेलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका राग मी त्यांच्या डोळ्यांत माझ्या लग्नाआधी एकदाच पाहिला होता. "मग सांगायला काय झालेलं? मी पंधरा दिस इथं बसून..." ते थांबले. "आईला म्हणलो मी, मला आता काय विचारत जाऊ नको. घरातलं पण."

"चुकलं माझं," मी म्हटलं. रडूच आलं, आणि या वेळी उठून कुठे गेले नाही.

मग टॅबवर नवा खेळ उघडून वर कोपऱ्यातलं 'लाट १/८' त्यांना दाखवलं. त्यांनी टॅब पुढे ओढला. नव्या खेळात पहिली लाट सोडायच्या आधी त्यांनी पूर्ण वाट बोटाने चालून पाहिली. सहाव्या लाटेला उडणारे शत्रू आले, वाट सोडून सरळ निघाले आणि चार निसटले. बाबा चिडले नाहीत. "हे खाडीनं येत नाय," एवढंच म्हणाले. लेव्हल पुन्हा सुरू केली आणि या वेळी उडणाऱ्यांनाही गाठेल असा लांब पल्ल्याचा एक टॉवर आधीच मधोमध ठेवला. आठवी लाट संपली, एकही जीव गेला नाही, तीन चांदण्या उमटल्या. त्यांनी टॅब बंद केला, पाय लांब केले आणि आईला ओरडून चहा मागितला.

मला वाटलं, सुटले. मी पर्स उचलली.

"थांब," बाबा म्हणाले. डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. "आता ह्याचं सांग. ती पोरगी सांगत नाय, डॉक्टर पण नाय. ह्याच्या किती लाटा हायत? किती म्हैने चेंडू दाबला की सपतंय?"

मला उत्तर ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला दारात बोलावून सांगितलं होतं: व्यायाम आता कायमचा, हात पहिल्यासारखा होईल असं धरू नका. दाराकडे पाहिलं, आणि पर्स खाली ठेवली.

"याला शेवट नाही बाबा," मी म्हटलं. "हा तसलाच आहे, त्या पहिल्या खेळासारखा. व्यायाम सोडला तर मात्र हात आखडेल."

आई चहा घेऊन दारात थबकली होती. बाबांनी डाव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून सरळ केली. मग फणकाऱ्याने म्हणाले, "हे तरी येळेवर सांगितलंस." चेंडू त्यांनी उशीमागे लपवला होता. तो काढून डाव्या मुठीत बसवला.

"आजचं किती ते बोल."

"वीस."

"एक," बाबा म्हणाले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि वीसपर्यंत उठले नाही.