यादीबाहेरची अट

कॅनडातल्या केंब्रिजमधल्या एका क्रेडिट युनियनच्या कर्ज विभागात मी काही वर्षं कागदपत्रं तपासायचं काम केलं. क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांची पतसंस्था, पण कारभार बँकेसारखा. कर्ज मंजूर करणं माझ्याकडे नव्हतं. मंजुरीपत्रात घातलेली प्रत्येक अट पूर्ण झाल्याशिवाय पैसे सुटू नयेत, एवढंच पाहायचं. माझी सही झाली की पलीकडचं टेबल पैसे पाठवायचं.

पैसे देण्याआधी कुठली कागदपत्रं हवीत याची यादी मंजुरीपत्राच्या शेवटी असते. बहुतेक जण तीच उतरवून चेकलिस्ट करतात. मी चेकलिस्ट पहिल्या पानापासून करायचे. त्याआधी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. तिथे बातमीपेक्षा फोटोओळीत आणि चौकटीत चुका जास्त सापडायच्या, कारण ते कोणी वाचत नसे. मंजुरीपत्रातही अटी तशाच विखुरलेल्या असतात. एखादी विम्याच्या परिच्छेदात, एखादी जोडपत्राच्या तळाशी.

त्या हिवाळ्यात आलेली एक फाइल मूळच्या नागपूरच्या एका इंजिनियरची होती. मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांना लागणारे साचे तो बनवायचा. भाड्याच्या युनिटमध्ये छोटं वर्कशॉप, हाताखाली चार-पाच माणसं. विंडसरचं एक वर्कशॉप बंद होत होतं आणि त्यांचं सीएनसी मशिन, म्हणजे संगणकावर चालणारं धातूकामाचं यंत्र, त्याला मिळत होतं. विकणाऱ्याने शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक. त्या मशिनच्या भरवशावर त्याने वर्षभराचं काम घेऊन ठेवलं होतं.

फाइल मंगळवारी माझ्याकडे आली. आमचा अकाउंट मॅनेजर, मूळचा लुधियानाचा, ती स्वतः घेऊन आला. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर त्याने टिकमार्क केला होता. कंपनीचा ठराव होता. विम्याच्या दाखल्यावर नुकसानभरपाई आधी आम्हाला मिळेल असं लिहिलेलं होतं. भाडं थकलं तरी मशिनवर हक्क सांगणार नाही, हे जागामालकाने सही करून दिलं होतं. नवराबायको दोघांचं जामीनपत्रही होतं, कारण घर दोघांच्या नावावर होतं.

यादीत काहीच राहिलं नव्हतं. तारणाच्या परिच्छेदात मात्र, जामीनपत्राच्या उल्लेखानंतर, आणखी एक वाक्य होतं. जो जामीनदार धंद्यात नाही, त्याने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याचा दाखला पैसे देण्यापूर्वी द्यावा. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होती. वर्कशॉपशी तिचा संबंध नव्हता. दाखला फाइलमध्ये नव्हता.

"अरे यार, ये लिस्ट में कहाँ है?" मॅनेजर म्हणाला.

"लिस्ट में नहीं है. लेटर में है."

त्याने परिच्छेद दोनदा वाचला. मग, दाखला नंतर घेतला तर चालेल का, म्हणून कर्ज मंजूर करणाऱ्या क्रेडिट विभागाला मेल केला. एखादी अट पुढे ढकलायची परवानगी तेच देऊ शकत, तीही लेखी. उत्तर तासाभरात आलं. मशिनचे बसवल्यानंतरचे फोटो मागून आले तरी चालतील, हा दाखला नाही. आपण कशावर सही केली हे समजलंच नव्हतं, असं जामीनदाराने उद्या कोर्टात सांगितलं तर जामीनपत्राचा उपयोग उरत नाही.

नवऱ्याचा फोन संध्याकाळी आला. मी मराठी आहे हे त्याला मॅनेजरकडून कळलं होतं.

"ताई, काहून अडवून राहिल्या तुम्ही? तिनं सही केली ना. माझ्या वकिलासमोरच केली."

"म्हणूनच. तो तुमचा वकील आहे. तुमच्या पत्नीला त्यांचा वेगळा लागेल, आणि भेटायला त्यांनी एकट्यानं जायचं."

"म्हणजे माझ्याविरुद्ध वकील करायचा?"

"विरुद्ध नाही. वेगळा."

"लग्नात भटजी तर एकच होता बाप्पा." मागे कोणीतरी हसलं, बाईचा आवाज होता. "शुक्रवारी मशिन गेलं तर?"

मी म्हटलं, "मशिन जाऊ नये म्हणूनच उद्या सकाळी वकिलाला फोन करा."

बुधवारी तिची वेळ ठरली. गुरुवारी दुपारी ती स्वतः ऑफिसात आली. अंगात अजून लॅबचे कपडे, वर पार्का, टोपीचा जाड हिवाळी कोट. दाखला आणला असेल म्हणून मी हात पुढे केला. तिने जामीनपत्राची प्रत टेबलावर ठेवली.

"दाखला नाही आणला. मी आधी विचारायला आले. वकीलबाई म्हणाल्या, हे फक्त मशिनचं नाही. कंपनीचं आजचं, उद्याचं, पुढे कधी काढलं तरी, सगळं कर्ज यात येतं. खरं आहे?"

"खरं आहे."

"हे तर म्हणत होते मशिनपुरतं."

"त्यांनाही तसंच वाटलं असेल."

"वाटलं असेल," ती म्हणाली. "वाचलं नसेल त्यांनी. मशिनसाठी मी सही करते. त्यांनी कष्ट केलेत, मला माहितेय. पण घर दोघांचं आहे. पुढच्या कर्जाला पुढच्या वेळी विचारा मला."

असा बदल करायचा माझा अधिकार नव्हता. मी मॅनेजरला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि पुन्हा क्रेडिट विभागाला लिहिलं. बायकोचा जामीन या एका कर्जाच्या रकमेपुरता ठेवावा. शुक्रवारी सकाळी त्यांनी मान्य केलं. पण म्हणजे सुधारित मंजुरीपत्र, त्यावर पुन्हा सगळ्यांच्या सह्या, नवं जामीनपत्र आणि त्या नव्या कागदावर तिच्या वकिलाचा दाखला. शुक्रवारी पैसे सुटणं शक्य नव्हतं.

नवऱ्याने या वेळी मला फोन केला नाही. विंडसरला केला. मशिन उचलायला क्रेन आणि माणसं मंगळवारची ठरलेली आहेत, असं विकणाऱ्याच्या बोलण्यात आलं. त्याआधी ते मशिन जागचं हलणारच नव्हतं. सोमवारी दुपारपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सह्या झालेल्या कागदांचं पाकीट आलं. मी नवी चेकलिस्ट केली, पुन्हा पहिल्या पानापासून, कारण सुधारित पत्रात काय बदललं आणि काय राहिलं हे जुन्या टिकमार्कवरून कळत नाही. जामीनपत्रावरची रक्कम पत्राशी जुळत होती. दाखल्यावर तिच्या वकिलाची सही होती, आणि जामीनदाराला एकटीला भेटून समजावून सांगितलं, असं लिहिलेलं होतं. मी सही केली. जेवायच्या सुट्टीआधी पैसे गेले.

मॅनेजर जाता जाता म्हणाला, "अगली बार मैं भी पहले पन्ने से पढ़ूँगा." पुढच्या फाइलवर त्याने पुन्हा फक्त यादीच तपासली होती.

मशिन बसल्याचे फोटो दोन आठवड्यांनी आले. एका फोटोत मशिनच्या बाजूला ती उभी होती, पार्का घालून. वर्कशॉपात हीटिंग कमीच असावं.

पुढच्या वर्षी कंपनीने खेळत्या भांडवलासाठी कर्जमर्यादा मागितली आणि ती मंजूर झाली. मंजुरीपत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. ती होती.

"पत्र वाचलं मी. या वेळी जामीन कितीचा आहे ते शेवटच्या यादीत नाहीये, चौथ्या पानावर आहे. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग तुमची चेकलिस्ट मलाही पाठवा. यांना पाठवाल तेव्हाच."

फोन स्पीकरवर असावा. मागून नवऱ्याचा आवाज आला, "आणि वकिलाची अपॉइंटमेंट तिनं आधीच घेऊन ठेवली आहे, ताई. मला फक्त गाडी चालवायची आहे. आत नेत नाही ती मला."