ग्रासिएलाच्या सहीखालचा पडदा

ग्रासिएला उमान्या वारल्याला पाच महिने झाले होते, तरी इबागे शहरातल्या त्या पडद्यांच्या कारखान्यातून तिची पत्रं रोज निघत होती.

मालकांनी कारण सांगितलं होतं: "गिऱ्हाईक तिला ओळखतं. नाव बदललं की बिचकतं." म्हणून नोहोरा ताफूर तिच्या खुर्चीवर बसली, तिचीच ई-मेल पेटी उघडू लागली आणि मजकुराखाली तिचीच सही जाऊ लागली. नाटकात आजारी नटीच्या जागी दुसरी उभी राहते, तेव्हा निदान प्रेक्षकांना तसं सांगतात. इथे कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

ओंदा गावच्या छोट्या नाट्यगृहाच्या ओफीर साम्ब्रानोबाईंनी लाल मखमलीचा पडदा मागवला होता. प्रत्येक पत्रात त्या विचारायच्या, "ग्रासिएला, गुडघा कसा आहे?" पहिल्या वेळी नोहोराचा हात थबकला होता. मग तिने लिहिलं, "बरा आहे." पुढच्या वेळी, "आता जिनाही चढते." त्या संध्याकाळी घरी जिना चढताना मागे कुणीतरी सावकाश पाय टाकत येतंय, असं तिला वाटलं. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. तेव्हापासून ती वळेनाशी झाली.

सहा ऑगस्टच्या सकाळी ओफीरबाईंचं पत्र आलं. "परवा आठ तारीख. पडदा निघाला का? चौदाला प्रयोग आहे. ग्रासिएला, तू शब्द दिलायस, म्हणून मी निश्चिंत आहे."

पडदा निघायला आधी शिवायला हवा होता. मखमल बुएनाव्हेंतुरा बंदरात होती. कस्टमवाल्यांनी कंटेनर तपासणीसाठी उघडून ठेवला होता.

लिबार्दो मालक कॉफीचा पेला घेऊन आले. "लिही, लवकरच पोचेल. ग्रासिएलावर कोणी चिडत नाही."

"चिडायला ती आहे कुठे?"

"हळू बोल गं."

"का? ऐकेल ती?"

मालक हसले नाहीत. ग्रासिएला शाल अडकवायची त्या रिकाम्या खुंटीकडे त्यांची नजर गेली आणि ते पेला घेऊन आल्या पावली परतले.

नोहोराने बंदरातल्या एजंटाला फोन लावला. कंटेनर सोमवारी सुटणार होता. मग ट्रकचा प्रवास, शिलाईला आठवडा आणि आग न लागण्याचं औषध मारून ते वाळायला वेळ. आत शिलाई करणाऱ्या कातारीनामावशींनी बोटं मोजली. "तेवीसच्या आत नाही, पोरी. ओला पडदा टांगला तर डाग पडतात."

"आणि तो जुना निळा?"

"भाड्याचा? स्वच्छ आहे. मापाला थोडा मोठा, खालून दुमडता येईल."

नोहोरा मालकांकडे गेली. "निळा उद्या आपल्या गाडीने पाठवायचा, बसवायला माणूस सोबत. लाल तेवीसला; चुकला तर आगाऊ रक्कम परत, वाहतूकही आपली. आणि निळ्याचं भाडं नाही."

"फुकट?"

"नाहीतर ऑर्डर गेलीच म्हणून समजा."

मालकांनी मान डोलावली. "पण सही तिचीच."

नोहोरा जागेवर आली आणि लिहू लागली.

"ओफीरबाई, तुमचा पडदा आठ तारखेला पोचणार नाही. चूक आमची. मखमल बंदरात अडकल्याचं आम्हाला गेल्या आठवड्यापासून ठाऊक होतं आणि तुम्हाला कळवलं नाही, याबद्दल क्षमा मागते. लाल पडदा तेवीस ऑगस्टला तुमच्या दारात येईल. चौदाच्या प्रयोगासाठी आमचा निळा पडदा उद्या दुपारपर्यंत येतो. आमचा माणूस तो बसवील आणि लाल आल्यावर काढून नेईल. त्याचं भाडं नाही, आणि लाल पडद्याची वाहतूकही आमच्याकडे. तेवीस चुकली, तर ऑर्डर रद्द करून तुमची सगळी आगाऊ रक्कम परत. निळा चालेल का, आजच कळवा."

इथे पत्र पुरं झालं होतं. खाली ग्रासिएलाचं नाव आपोआप उमटलेलं होतं. नोहोराने ते पुसलं. मागे कुणीतरी श्वास रोखून उभं असावं, तशी तिची पाठ थंड पडली. तरीही तिने पुढे लिहिलं, "ग्रासिएला मार्चमध्ये वारली. तेव्हापासून तुम्हाला मीच लिहिते आहे. गुडघ्याबद्दलही मीच लिहिलं. — नोहोरा ताफूर."

पत्र पाठवून ती मालकांना सांगायला उठली. ऐकता ऐकता मालक खुर्चीत बसले. "आता ती बाई बोंबलत सुटेल," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाले, "मलाही ती जिवंत वाटायची, त्या सहीमुळे."

दुपारी उत्तर आलं. "निळा पाठवा. तेवीस लिहून ठेवली आहे. मी मात्र पाच महिने एका मेलेल्या बाईशी बोलत होते. तुम्ही लोक रात्री झोपता कसे?"

एवढंच. खाली सहीही नाही.

मग फोन वाजला. नोहोराने उचलला.

"ओफीर बोलतेय," पलीकडून आवाज आला, घोगरा, रडून बसलेला. "पत्रावर आता विश्वास नाही माझा. तू खरंच आहेस ना गं, बाई?"

"आहे."

"मग बोल काहीतरी. ती गेली कशी, ते सांग."

नोहोराने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.